मदत हवी आहे: ट्रान्सक्रिप्टमध्ये 'आहे' की 'नाही' तेच गाळलंय, सारांश कसा लिहू?

खानापूरकडच्या आमच्या दूध सोसायटीच्या मीटिंगचा एका पानात सारांश करायचाय. ४१व्या मिनिटाला असं आहे: "दर वाढवायला आमची हरकत [अस्पष्ट]", मग [एकत्र बोलणं] आणि त्यात कुणीतरी "हो हो". मराठीत होकार-नकार शेवटच्याच शब्दात, नेमका तोच गेलाय. हेडफोन लावून, स्पीड कमी करूनही कळेना, हजर असलेले दोघं उलटसुलट सांगतात आणि मला अंदाजानं भरायचं नाही, त्या "हो हो"ला संमतीही धरायची नाही. वाचणाऱ्यांकडं ट्रान्सक्रिप्ट नसणार. मग "दरवाढीवर चर्चा झाली, भूमिका रेकॉर्डिंगवरून कळत नाही (४१वं मिनिट)" असं लिहू, की हजर असलेल्यांची दोन्ही म्हणणी वेगळी, त्यांची आठवण म्हणून खाली द्यावीत?