मदत हवी आहे: उडत्या कुरवाचा हललेला पंख कापल्यावर कडेला काळपट झालर येते

पाणवठा
गेल्या डिसेंबरात भिगवणला होडीतून काढलेला फोटो आहे. तपकिरी डोक्याचा कुरव थेट माझ्याकडे उडत येतोय. (नावात तपकिरी असलं तरी हिवाळ्यात डोकं पांढरंच असतं, कानामागे एक गडद ठिपका तेवढा.) डोळा आणि छाती काचेसारखी स्वच्छ आलीये. शटर १/२५० होता, त्यामुळे दोन्ही पंख टोकाकडे पुसट झालेत आणि मला ते तसेच हवेत, त्यातच सगळी उडण्याची गती आहे.

मागे उजनीचं हिरवट काळं पाणी आहे. आमच्या वाचनालयातल्या पक्षी प्रदर्शनाच्या पोस्टरसाठी हाच पक्षी त्याच दिवशी काढलेल्या फिकट आकाशावर बसवायचाय. फोटोशॉपमध्ये `Select and Mask` वापरून पाहिलं, `Refine Edge Brush` फिरवला. शरीर छान सुटतं, पण पंखांच्या कडेला मळकट हिरवी झालर राहते. निवड आत ओढली की झालर जाते, पण पंख कात्रीने कापल्यासारखा दिसतो. दोन रविवार यात गेले. काय चुकतंय?

सायकलवेडा
फेदर वाढवा, ५-६ पिक्सेल. मी सायकलस्वाराचा असाच फोटो केला होता. १/३० ला कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवून काढलेला, मग तो सिंहगडाच्या वाटेच्या फोटोवर चिकटवला. कडा मऊ झाल्या, तरी चित्र खोटंच वाटतं, ते का कळत नाही. कुणी सांगेल का?

मिलिंद_नगर
फेदर नको. पक्षी धारदार कापून घ्या आणि त्या लेयरवर `Motion Blur` मारा, पंखाच्या दिशेचा कोन देऊन. पाच मिनिटांचं काम.

छायाताई
पाणवठा, तुमची निवड चुकलेली नाही. पंखाच्या पुसट भागात निव्वळ पंखाचा असा एकही पिक्सेल नाही. शटर उघडा होता तेवढ्या वेळात तिथे थोडा वेळ पंख होता, थोडा वेळ पाणी. म्हणजे रंगातच पाणी मिसळलंय.

तुमच्यासारख्या फोटोतले आकडे धरून सांगते. रेड चॅनेलमध्ये भरीव पंख २३०, पाणी ६० आणि मधल्या पुसट भागातला एक पिक्सेल १४५. म्हणजे हा साधारण अर्धा पंख, अर्धं पाणी. आता २०० च्या आकाशावर तिथे २३० आणि २०० च्या मधलं, २१५ च्या आसपास यायला हवं. तुम्ही तो १४५ चा पिक्सेल अर्धा पारदर्शक करून ठेवलात की येतात १७२. आकाश आणि पंख दोन्हींपेक्षा गडद! तीच तुमची झालर. मास्क कितीही सुबक करा, रंग बदलल्याशिवाय ती जाणार नाही.

म्हणून मास्क आणि रंग ही दोन कामं वेगळी करा. डोकं, छाती आणि खांद्याजवळचा भरीव पंख पेन टूलने कापून एका लेयरवर घ्या, फेदर १ पिक्सेल पुरे. पंखांसाठी मूळ फोटोची दुसरी प्रत घ्या आणि तिच्या लेयर मास्कमध्ये रेड चॅनेलच चिकटवा. हिरव्या पाण्यात लाल सगळ्यात कमी असतो, त्यामुळे पंख आणि पाणी तिथे सर्वांत दूर जातात. मग मास्कवर `Levels`: काळं टोक ६०, पांढरं टोक २३०. पाणी पूर्ण नाहीसं होतं, भरीव पंख पूर्ण राहतो आणि मधलं सगळं आपोआप प्रमाणात येतं. पक्ष्यापासून लांबचं पाणी मास्कमध्ये काळ्या ब्रशने पुसून टाका.

आता रंग. त्या प्रतीवर एक रिकामा लेयर घेऊन `Create Clipping Mask` करा. भरीव पंखातला रंग `Alt` दाबून उचला आणि पुसट भागावर, पंख हलला त्याच दिशेने, बाहेरपर्यंत बिनधास्त रंगवा. मूळ फोटोतला मळकट भाग पूर्ण झाकला गेला पाहिजे. किती दिसायचं ते मास्क ठरवतो.

`Decontaminate Colors` केसांसारख्या बारीक कडांना ठीक, पण ३०-४० पिक्सेल रुंद पुसट पट्ट्यात मी त्याच्यावर विसंबत नाही.

छायाताई
मिलिंद, तुमचं अर्धं बरोबर आहे. पुसटपणाला दिशा असते, फेदर सगळीकडे सारखा पसरतो, म्हणून तो खोटा दिसतो. पण पंख खांद्यापासून फिरतो. खांद्याशी हालचाल जवळजवळ नाही, टोकाशी सर्वांत जास्त. `Motion Blur` दोन्हीकडे सारखाच लागतो आणि डोळाही पुसून टाकतो.

सायकलवेडा
आणि माझं?

छायाताई
तुमचा सायकलस्वार तीक्ष्ण आणि मागची वाट पण तीक्ष्ण, बरोबर? १/३० ला कॅमेरा फिरवला तर मागचं सगळं आडवं ओढलं जातं. नव्या पार्श्वभूमीला आडवा `Motion Blur` द्या, त्याच दिशेचा. शिवाय चाकात बघा, आऱ्यांमधून जुना रस्ता दिसत असणार. तिथेही मास्क अर्धपारदर्शक हवा आणि चाकाखाली सावली हवी. सविस्तर वेगळ्या धाग्यात विचारा, इथे कुरव हरवेल.

मिलिंद_नगर
स्पर्धेला पाठवणार असाल तर हे चालत नाही हं. निसर्ग छायाचित्रणाच्या स्पर्धांत पार्श्वभूमी बदललेला फोटो बाद करतात.

पाणवठा
नाही नाही, पोस्टरच आहे, आणि खाली तसं लिहिणार आहोत.

छायाताई, काल रात्री बसून केलं. पाणी ५४ ते ६८ मध्ये खेळत होतं, म्हणून काळं टोक ६८ ठेवलं. पांढऱ्या भागाची झालर गेली, अगदी पूर्ण! दोन अडचणी राहिल्यात. एक, पुसट भाग मुळापेक्षा जाड वाटतो. दुसरी मोठी: पंखांची काळी टोकंच गायब झाली.

छायाताई
जाडपणाचं कारण असं की प्रकाश कॅमेऱ्यात ज्या हिशोबाने मिसळतो तो पडद्यावरच्या आकड्यांचा हिशोब नाही. माझं १४५ म्हणजे अर्धं हे ढोबळच होतं. त्याच `Levels` मध्ये मधला स्लायडर १.०० वरून ०.८० किंवा ०.७० वर आणा आणि मूळ फोटोशेजारी ठेवून डोळ्याने ठरवा.

काळ्या टोकांचं दुखणं खरं आहे. टोक ३५, पाणी ६०. मास्कच्या दृष्टीने टोक पाण्यापेक्षाही काळं, त्यामुळे ते पाण्याबरोबरच गेलं. `Levels` उलटे लावून पाहता येतं, पण २५ आकड्यांच्या फरकात लाटा आणि ग्रेनच जास्त येतात. मी असे प्रयत्न सोडून दिलेत. अशा वेळी टोक हातानेच काढते: वेगळ्या लेयरवर धारदार काळं टोक रंगवा, मग `Blur Gallery` मधला `Spin Blur` घ्या, त्याचं केंद्र खांद्यावर ठेवा आणि कोन उरलेल्या पंखाच्या पुसटपणाशी जुळेपर्यंत वाढवा. पक्षी समोरून येतोय म्हणून हे जमेल, बाजूने असता तर नसतं जमलं. मिलिंदची युक्ती इथे कामाला आली बघा.

मिलिंद_नगर
`Spin Blur` माहीत नव्हता. पण टोकाच्या काळ्या भागातल्या पांढऱ्या खुणांचं काय? त्याही रंगवायच्या?

छायाताई
मूळ फोटोत पुसट पट्टा दिसत असेल तर टोक रंगवतानाच काढायच्या. दिसत नसतील तर माझं मन धजत नाही, पण यावर मतं वेगळी असू शकतात.

पाणवठा
डाव्या टोकात पुसट पांढरा पट्टा दिसतोय, उजव्यात काहीच नाही. डावीकडे काढतो, उजवीकडे नाही.

टोकं जमली, कोन ६ अंशांवर जुळला. आता एकच खटकतंय: रंगवलेला भाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतो.

छायाताई
ग्रेन राहिला. रंगवलेल्या लेयरवर `Add Noise`, `Monochromatic` वर खूण करून, १००% झूमवर छातीच्या ग्रेनशी जुळेपर्यंत. सुरुवात २% पासून करा. आणि छापायला देण्याआधी खाली एकदा भडक गुलाबी लेयर टाकून बघा, पुसायचं राहिलेलं पाणी लगेच डोळ्यात भरेल.

पाणवठा
गुलाबीवर शेपटीखाली लाटेचा एक चमकता तुकडा सापडला, मास्कमध्ये पंखासारखाच पांढरा! पुसतोय.