मदत हवी आहे: जुनी टिगोर ईव्ही घेतोय, धुळ्याच्या फास्ट चार्जरची गन तिला बसेल का?

अमळनेर_अपडाऊन
नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका डीलरकडे २०१९ च्या शेवटी पासिंग झालेली टाटा टिगोर ईव्ही बघून आलो. आधी ती एका कंपनीच्या भाड्याच्या ताफ्यात होती, हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. प्रायव्हेट करून पांढऱ्या अक्षरांची पाटी लावून देतो म्हणतोय. गाडी आतून स्वच्छ आहे, किंमतही पटली.

रोज अमळनेर-धुळे अप-डाऊन करतो. महिन्यातून एखाद्या वेळी चाळीसगाव-कन्नड करत संभाजीनगरला सासुरवाडीला जाणं होतं. डीलर म्हणाला, "साहेब, कोणत्याही फास्ट चार्जरला लावा, तासाभरात मोकळे." मी फास्ट चार्जिंगचं झाकण उघडून फोटो काढला. सॉकेट गोल आहे, आत नऊ पॉइंट, त्यातले दोन चांगले जाडजूड. परतताना धुळ्याजवळच्या एका हॉटेलच्या आवारातला चार्जर बघितला. त्याची गन लांबट आहे, वर गोलसर भाग आणि खाली दोन मोठे पॉइंट वेगळे. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कुठूनच जुळत नाहीत. हे नेमकं काय प्रकरण आहे?

भरीत_पार्टी
काय भो, यात एवढं काय! माझ्याकडे एथर आहे. जळगावात तिच्या कंपनीच्या पॉइंटवर लावतो, तिथे नसेल तर घरचा चार्जर. तुमच्या गाडीचाही कंपनीचा पॉइंट असेलच की. शोरूमला फोन करा.

तापीकाठ
@भरीत_पार्टी दादा, ते स्कूटरचं झालं. तिचा कनेक्टर वेगळा, कारला तो बसतही नाही.

@अमळनेर, काळजी करू नका. आता सगळ्या इलेक्ट्रिक कारना फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस-२ चं सॉकेटच असतं. नेक्सॉन, पंच, विंडसर, एक्सयूव्ही ४००, सगळ्यांना तीच गन. तुमची गाडी टाटाचीच आहे, म्हणजे सीसीएस-२ असणार. फोटो कदाचित स्लो चार्जिंगच्या सॉकेटचा असेल.

सर्किटवाला_जळगाव
तापीकाठ, तुम्ही सांगितलेल्या गाड्यांबद्दल बरोबर आहे. पण टाटाची आहे म्हणून सीसीएस-२, हे २०१९ च्या टिगोरला लागू होत नाही.

भाऊ, तुमच्या फोटोतलं सॉकेट चिनी पद्धतीचं जीबी/टी डीसी आहे. आपल्याकडे त्यावर बेतलेल्या चार्जरला भारत डीसी-००१ म्हणतात. गोल तोंड, नऊ पॉइंट, दोन जाड, एवढ्यावरून ते ओळखता येतं. सीसीएस-२ च्या सॉकेटला वर एसी म्हणजे स्लो चार्जिंगचा सात पॉइंटचा टाइप-२ भाग असतो, त्याची वरची कड सपाट. त्याच्या खाली दोन मोठे डीसी पॉइंट. म्हणजे एकाच झाकणाखाली दोन मजले. तुम्ही हॉटेलवर बघितली ती त्याची गन.

सरकारी कार्यालयांना आणि भाड्याच्या ताफ्यांना सुरुवातीच्या काळात ज्या टिगोर आणि महिंद्रा ई-व्हेरिटो गेल्या, त्या ७२ व्होल्टच्या होत्या. ताफ्याच्या मालकाने स्वतःच्या आवारात डीसी-००१ चार्जर बसवलेला असायचा, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. अडतं ते आता, गाडी आवाराबाहेर पडून आपल्यासारख्याच्या दारात आल्यावर.

अमळनेर_अपडाऊन
सविस्तर सांगितलंत, आभार. मग मधे अडॅप्टर लावून चालेल का? ऑनलाइन सीसीएस-२ ते जीबी/टी अडॅप्टर दिसताहेत. महाग आहेत, पण गाडी एवढ्या कमी किमतीत मिळतेय की त्यासकट परवडेल.

सर्किटवाला_जळगाव
अडॅप्टरवर एक रुपयाही घालू नका. परत हॉटेलवर जाल तेव्हा चार्जरच्या बाजूची प्लेट वाचा. त्यावर आउटपुट व्होल्टेज लिहिलेलं असतं. किती आहे ते इथे टाका, मग बोलू.

खिरोदा_ताई
मी एमजी कॉमेट चालवते. सुरुवातीला मलाही वाटलं होतं की इलेक्ट्रिक कार म्हटली की फास्ट चार्जिंग आलंच. माझ्या कॉमेटला खालचा मजलाच नाही, नुसतं टाइप-२. हायवेवर डीसी गनसमोर गाडी उभी केली तरी उपयोग शून्य. १७.३ युनिटची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर सात तासांच्या आसपास भरते, रात्री लावली की सकाळी तयार. गावात मला तेवढं पुरतं. पण लांबच्या प्रवासाला आम्ही दुसरी गाडी काढतो.

भाऊ, स्लो चार्जिंगचं झाकणही उघडून बघा. जुन्या गाड्यांत दोन सॉकेट दोन ठिकाणी असू शकतात. तिथे सात पॉइंट दिसले तर ते टाइप-२, म्हणजे कोणत्याही एसी पॉइंटवर काम होईल.

सर्किटवाला_जळगाव
ताई, झाकण उघडायचा सल्ला योग्य. पण सात पॉइंट मोजून थांबू नका. जीबी/टीचा एसी कनेक्टरही सात पॉइंटचाच आहे आणि लांबून अगदी टाइप-२ सारखा दिसतो. फरक नर-मादीचा. टाइप-२ मध्ये गाडीच्या सॉकेटात पिना असतात आणि केबलच्या टोकाला भोकं. जीबी/टी एसीमध्ये उलट, पिना केबलकडे. मोबाइलची बॅटरी मारून सॉकेटात बघा, लगेच कळतं. फोटोत मात्र सावलीमुळे हमखास फसगत होते.

अमळनेर_अपडाऊन
आज धुळ्याहून परतताना प्लेट वाचली. मॉडेल नंबर वगैरे सोडा, महत्त्वाची ओळ अशी: आउटपुट २०० ते १००० व्होल्ट डीसी. दोन गन आहेत, दोन्ही सीसीएस-२. ॲपमध्येही त्या जागेपुढे फक्त `CCS2` दिसतं.

सर्किटवाला_जळगाव
झालं तर मग. तो चार्जर २०० व्होल्टच्या खाली उतरूच शकत नाही आणि तुमच्या गाडीची बॅटरी ७२ ची. चार्जिंग सुरू होण्याआधी गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात. गाडी सांगते, मला इतका व्होल्ट दे. हा चार्जर म्हणेल, एवढं कमी माझ्याकडे नाही. तिथेच काम थांबतं. शिवाय सीसीएस आणि जीबी/टी यांची बोलायची पद्धतही वेगळी. महागडा अडॅप्टर ती भाषा बदलून देईल, पण व्होल्ट कुठून आणणार? बाहेरच्या देशांत ते अडॅप्टर चालतात कारण तिथल्या जीबी/टी गाड्या तीनशे-चारशे व्होल्टच्या असतात.

पटलं नाही तर हिशोब बघा. ७२ व्होल्ट, बॅटरी साधारण ३०० अँपिअर-तासांची, म्हणून गुणाकार २१.६ येतो आणि कंपनीचा आकडा २१.५ युनिटचा. डीसी-००१ चार्जर जास्तीत जास्त २०० अँपिअर देतो. २०० गुणिले ७२ म्हणजे १४.४ किलोवॅट, म्हणून तो १५ किलोवॅटचा म्हणून ओळखला जातो. रिकाम्या बॅटरीत ऐंशी टक्के भरायला सगळं जमून आलं तरी सव्वा तास लागणार, प्रत्यक्षात त्याहून जास्त. डीलरचं "तासाभरात मोकळे" योग्य चार्जर मिळाला तरी खरं नाही.

पारोळा_टूर्स
मी ई-व्हेरिटो चालवली आहे, म्हणून थोडं वेगळं सांगतो. गाडी वाईट नाही हो. अमळनेर-धुळे जाऊन-येऊन ऐंशीच्या आत येतं. रात्री घरी लावायची, सकाळी निघायचं. फास्ट चार्जर हवाच कशाला? स्वस्तात मिळतेय तर घ्या. फक्त गाडीतला गारव्याचा एसी लावून घाटात बॅटरी कशी उतरते ते एकदा बघा.

सर्किटवाला_जळगाव
रोजच्या धुळ्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य. अडचण सासुरवाडीची आहे. नवी असताना कागदावर २१३ किलोमीटर रेंज होती. ताफ्यात पळालेल्या, इतक्या वर्षांच्या बॅटरीत आज किती उरलंय हे चालवल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. त्यात कन्नडचा घाट चढायचा आणि वाटेत जो चार्जर भेटेल तो बहुतेक सीसीएस-२ च असणार. ॲपमध्ये `GB/T` चा फिल्टर लावून त्या रस्त्यावर एकतरी जागा दिसते का बघा. दिसली तरी जाण्याआधी फोन करा. जुने डीसी-००१ चार्जर नकाशावर दिसतात, पण बंदही असतात.

तापीकाठ
मग टाटाचीच, पण २०२१ नंतरची टिगोर घेतली तर?

सर्किटवाला_जळगाव
हो, तो खरा मार्ग. ऑगस्ट २०२१ ला झिपट्रॉनवाली टिगोर आली. २६ युनिटची, तीनशे व्होल्टच्या वरची बॅटरी आणि सीसीएस-२. व्हेरिएंटवरूनही अंदाज येतो. जुनीत एक्सई प्लस, एक्सएम प्लस, एक्सटी प्लस होते, नवीत सुरुवातीला सगळ्यात वरचं एक्सझेड प्लस. आरसीवर कनेक्टर लिहिलेला नसतो, तिथे शोधू नका. उत्पादनाचा महिना-वर्ष मात्र मिळतं.

अमळनेर_अपडाऊन
डीलरला हे सगळं ऐकवलं. तो म्हणतो त्याच्याकडे टाटाचीच एक एक्सप्रेस-टी पण आहे, तीही ताफ्यातली, "ती नवीन आहे, हिला सगळं चालतं". विश्वास ठेवू का?

सर्किटवाला_जळगाव
नावावर नको, सॉकेटवर ठेवा. एक्सप्रेस-टीच्या जुन्या गाड्या ७२ व्होल्टच्या आहेत, नंतरच्यांना सीसीएस-२ आहे, आणि मागून दोन्ही सारख्याच दिसतात. झाकण उघडून फोटो मागवा. दोन मजले दिसले तरच पुढे बोला. मग त्याला सांगा, नाशिकच्या कुठल्याही सीसीएस-२ चार्जरवर नेऊन माझ्यासमोर दहा मिनिटं लावून दाखव. पैसे मी देतो. गन बसणं वेगळं आणि स्क्रीनवर युनिट चढताना दिसणं वेगळं.

खिरोदा_ताई
आणि गाडीबरोबर चार्जिंगची केबल मिळते का तेही विचारा. ताफ्यातल्या गाड्या बऱ्याचदा केबलशिवाय विकतात म्हणे. काही एसी पॉइंटवर नुसतं सॉकेट असतं, गन नसते, तिथे दोन्ही टोकांना टाइप-२ असलेली केबल आपलीच न्यावी लागते.

अमळनेर_अपडाऊन
फोटो मागवलाय. अजून तरी "गाडी वॉशिंगला आहे" एवढंच उत्तर. केबलचं विचारलं तर "बघून सांगतो". पारोळा दादा, तुमच्या ई-व्हेरिटोचं स्लो चार्जिंगचं सॉकेट कोणतं होतं, पिना गाडीत की केबलला? पहिली टिगोर अजून पूर्ण मनातून गेलेली नाही, नुसत्या धुळ्यापुरती घ्यायची म्हटली तर ते कळायला हवं.

पारोळा_टूर्स
गाडी विकली भाऊ, आता आठवत नाही. ज्याला दिली तो एरंडोलचाच आहे, त्याला झाकण उघडून बघायला सांगतो.

भरीत_पार्टी
म्हणजे माझ्या एथरची केबल कॉमेटला पण नाही का लागणार?

खिरोदा_ताई
नाही हो दादा!