मदत हवी आहे: पीसीआरच्या निगेटिव्ह कंट्रोलमध्येच बँड येतोय, मुलांना काय सांगू?

प्रयोगवही

एसवाय बीएस्सी बायोटेकच्या बॅचला पीसीआर आणि जेल शिकवते आहे. प्रात्यक्षिक ई. कोलायच्या १६एस जीनचं, प्रायमर २७एफ आणि १४९२आर, तुकडा अपेक्षित साधारण १५०० बेसपेअरचा. रिअॅक्शन २५ मायक्रोलिटरची: १०एक्स बफर २.५ (मॅग्नेशियम त्यातच आहे), १० मिलिमोलर डीएनटीपी ०.५, दोन्ही प्रायमर १० मायक्रोमोलरचे १-१, टॅक ०.२, टेम्प्लेट १ (म्हणजे १० नॅनोग्रॅम) आणि बाकी १८.८ पाणी. मशीनवरचा प्रोग्रॅम असा:

```
95 °C  5 min
95 °C 30 s | 55 °C 30 s | 72 °C 90 s   x 35
72 °C 10 min
4 °C  hold
```

सॅम्पलचे बँड झकास येतात. पण टेम्प्लेटऐवजी पाणी घातलेल्या ट्यूबमध्येही त्याच उंचीवर फिकट बँड आहे. नवं पाणी आणि नव्या टिप्स घेऊन परत केलं तरी तेच. मुलं विचारतात, "मॅडम, डीएनए घातलाच नाही, तर आला कुठून?" आणि दुसरा प्रश्न, तोही रास्त: सुरुवातीला ५ मिनिटं ९५ ला ठेवलंय, मग दर सायकलला पुन्हा ९५ कशाला? या बिघडलेल्या निकालावरूनच प्रत्येक टप्पा का आहे ते समजावता येईल का?

कडीपत्ता

पाणीच दूषित आहे, दुसरं काय. ऑटोक्लेव्ह करा, डीएनए मरतो, मग ५००-५०० मायक्रोलिटरच्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा आणि एकदा उघडलेली ट्यूब परत ठेवू नका. एक गोष्ट मात्र नक्की, हा प्रायमर डायमर नाही. तो १०० च्याही खाली, धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. १५०० वर बँड म्हणजे खराखुरा १६एस आहे.

उष्णजीव

डायमर नाही हे कडीपत्ता यांचं बरोबर. पाणी वाटून ठेवण्याची सवयही चांगली. पण ऑटोक्लेव्हने डीएनए मरत नाही, त्याचे तुकडे पडतात. १५०० लांबीचा अखंड धागा वाचायची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. शिवाय नवं पाणी घेऊनही बँड आलाय ना? मग पाण्याआधी टॅककडे बघा.

टॅक मुळात थर्मस अॅक्वाटिकसचं, पण बाजारातलं बहुतेक टॅक ई. कोलायमध्ये वाढवून काढलेलं असतं. शुद्धीकरणानंतरही त्या ई. कोलायच्या डीएनएचा अंश उरू शकतो. माणसाच्या जीनचे प्रायमर असते तर कळलंही नसतं. २७एफ आणि १४९२आर बहुतेक सगळ्या बॅक्टेरियांना चिकटतात, म्हणून तो अंश पकडला जातो.

आता मुलांना फळ्यावर हिशेब करून दाखवा. १० नॅनोग्रॅम ई. कोलाय डीएनए म्हणजे सुमारे २० लाख जीनोम. प्रत्येकात १६एसच्या ७ प्रती, म्हणजे सुरुवातच १ कोटी ४० लाखांपासून. जेलवर बँड ठळक दिसायला लोड केलेल्या ५ मायक्रोलिटरमध्ये १० नॅनोग्रॅम लागतात असं धरा. म्हणजे पूर्ण ट्यूबमध्ये ५० नॅनोग्रॅम, साधारण ३१०० कोटी तुकडे. तिथवर पोचायला सॅम्पलला ११ वेळा दुप्पट होणं पुरतं. निगेटिव्हमध्ये १०० प्रतीच असतील तर २८ वेळा. दुप्पट होणं कधीच पूर्ण नसतं, म्हणून दोन-तीन सायकल जास्त धरा. तुम्ही ३५ करताय, तेव्हा तो बँड दिसणारच. २५ करा. सॅम्पल तसंच दिसेल आणि निगेटिव्ह बहुधा कोरं येईल.

९५ चा प्रश्न. दर सायकलच्या शेवटी डीएनए पुन्हा दुपदरी झालेला असतो, तो उसवल्याशिवाय प्रायमरला बसायला जागाच नाही. पहिली ५ मिनिटं मूळ जीनोमचा लांबलचक धागा पूर्ण सुटावा म्हणून. कॉलनी थेट टाकली असेल तर पेशी फुटायलाही तोच वेळ कामी येतो, शुद्ध डीएनएला २ मिनिटंही चालतात. उगाच वाढवू नका, ९५ ला टॅकचं निम्मं बळ साधारण ४० मिनिटांत जातं. तुमची ५ मिनिटं अधिक ३५ वेळा अर्धं मिनिट म्हणजे २२.५ मिनिटं. ३० ऐवजी ६० सेकंद ठेवलेत तर थेट ४०.

५५ वर प्रायमर जागा शोधतो. खाली उतरलात तर तो भलतीकडेही बसतो आणि जादा बँड येतात. फार वर गेलात तर बसतच नाही. ७२ ला टॅक मिनिटाला साधारण १००० बेस जोडतं, १५०० ला ९० सेकंद त्यामुळेच. शेवटची १० मिनिटं अर्धवट राहिलेले धागे पुरे करायला. नुसत्या जेलसाठी चालवताय तर ती कमी केलीत तरी फारसं बिघडत नाही.

आणि पहिल्या सायकलमध्ये १५०० चे दोन तुकडे तयार होतात असं फळ्यावर काढू नका. बऱ्याच ठिकाणी तसंच काढतात. पहिल्या सायकलचे धागे प्रायमरपासून सुरू होतात, पण पुढे टॅक जिथवर जाईल तिथवर. दोन्ही टोकं नेमकी कापल्यासारखी असलेला दुपदरी तुकडा पहिल्यांदा तिसऱ्या सायकलला मिळतो.

हापूसची फांदी

माझंही असंच होतंय! आंब्याच्या पानाचा डीएनए आहे, निगेटिव्ह कोरं, सॅम्पलही कोरं. ४० सायकल केल्या. अजून वाढवू का?

उष्णजीव

अहो, तुमचं नेमकं उलटं आहे. त्यांच्याकडे नको तिथे बँड आहे, तुमच्याकडे हवा तिथे नाही. सायकल वाढवू नका. आंब्याच्या पानातली पॉलिफेनॉल आणि साखरी चिकटा टॅकला अडवत असणार. आधी चाचणी करा: ज्या ट्यूबमध्ये हमखास बँड येतो, तिच्यात तुमच्या पानाचा डीएनए १ मायक्रोलिटर घाला. तोही बँड गेला तर अडथळा डीएनएच्या तयारीत आहे. मग १० पट पातळ करून टाका. डीएनए कमी होईल, पण अडवणारा पदार्थही तितकाच कमी होईल. पॉझिटिव्ह कंट्रोल कशाला लावायचा याचं उत्तर यातच आहे. तो नसेल तर कोऱ्या जेलवरून काहीच ठरवता येत नाही.

कंगवा

जेलबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. प्रयोगवही, तुमच्या लॅडरचा सगळ्यांत वरचा बँड कितीचा आहे? १०० च्या लॅडरचा बऱ्याचदा १५०० वरच संपतो. मग तुमचा तुकडा मोजपट्टीच्या टोकाशी येतो, १४५० की १६०० ते कळत नाही. १ केबीचा लॅडर लावा.

मुलांना हे जरूर सांगा: मोकळ्या द्रावणात लहानमोठे डीएनए जवळपास सारख्याच वेगाने धावतात, कारण लांबी वाढली की ऋण भार आणि ओढ दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात. वेगळं करतं ते अगारोजचं जाळं. म्हणून ५० मिलिलिटरला ०.५ ग्रॅम मोजून घ्यायचा, अंदाजाने नाही. आणि तो १एक्स बफरमध्येच उकळायचा. जेल चुकून साध्या पाण्यात केला तर वीज नीट वाहत नाही आणि बँड वेलपाशीच रेंगाळतात. दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याला ५ ने गुणा, तितके व्होल्ट. १५ सेंटिमीटरला ७५. घाईत १५० केलेत तर जेल तापतो, बँड मधोमध पुढे आणि कडांना मागे असे हसल्यासारखे वाकतात.

५ मायक्रोलिटर नमुन्यात १ मायक्रोलिटर ६एक्स डाय. त्यातल्या ग्लिसरॉलमुळे नमुना वेलमध्ये बुडतो. टिप वेलच्या तोंडाशी धरून हळू सोडलं की निळी धार सरबतासारखी तळाशी उतरते. टिप खुपसून तळ फुटला तर निळा रंग जेलखाली पसरतो. त्या लेनमध्ये बँड न येण्याचं कारण मग पीसीआरमध्ये शोधत बसतात मुलं.

उष्णजीव

लाखाची गोष्ट. आणि जेल फक्त लांबी सांगतो. निगेटिव्हचा आणि सॅम्पलचा बँड एका उंचीवर आहे एवढ्यावरून दोन्ही एकाच ठिकाणचे असं ठरत नाही.

प्रयोगवही

करून पाहिलं. एकाच मास्टर मिक्समधून दोन संच, एक २५ सायकलचा, एक ३५ चा. २५ ला निगेटिव्ह कोरं, सॅम्पल ठळक. ३५ ला तो फिकट बँड हजर. मुलांनी दोन्ही जेल शेजारी ठेवून हिशेब ताडून पाहिला. तेव्हा टॅकच ना?

कंगवा

थांबा, यातून टॅक सिद्ध होत नाही. निगेटिव्हमध्ये सुरुवातीच्या प्रती थोड्या आहेत इतकंच कळलं. मागच्या बॅचच्या पीसीआरचा तुषार पिपेटच्या दांड्यात शिरून १०० तुकडे आले असतील तरी असंच दिसेल. १० लाख आले असते तर १५ दुपटीतच दिसले असते, म्हणजे २५ लाही बँड आला असता. तेवढी मोठी सांडलवंड नाही, इतकंच म्हणता येतं.

उष्णजीव

मान्य, मी जरा घाई केली. आणि गंमत अशी की बँड सिक्वेन्स करूनही सुटणार नाही, कारण तुमचं टेम्प्लेटही ई. कोलाय आणि टॅक वाढवणाराही ई. कोलाय. टेम्प्लेट बदला. बॅसिलस सबटिलिस घ्या, प्रायमर तेच चालतील. मग निगेटिव्हचा बँड सिक्वेन्सला पाठवा. बॅसिलस निघाला तर गळती तुमच्या टेबलावरची.

कंगवा

आणि ई. कोलाय निघाला तर? गेल्या वर्षीची प्रात्यक्षिकं त्याच पिपेटवर झाली असतील, तर संशय दोघांवरही राहतो. मिक्स दुसऱ्या खोलीत, पीसीआरनंतरच्या ट्यूबला कधीच न लागलेल्या पिपेटने आणि फिल्टर टिप्सनी लावलं, तरच काही म्हणता येईल.

कडीपत्ता

म्हणजे पाणी सुटलं का?

प्रयोगवही

पाणी नवं होतं, पण नव्या पाण्याची बाटली त्याच टेबलावर उघडली होती, त्यामुळे छातीठोक सांगता येत नाही. सध्या बॅचसाठी २५ सायकल पक्क्या केल्यात. बॅसिलसची प्लेट सोमवारी लावते. वेगळं पिपेट मायक्रोच्या लॅबकडून मागितलंय. एका मुलाने विचारलंय, सायकल कमी करून बँड घालवला म्हणजे डीएनए गेला का? ट्यूबमध्ये तो आहेच, आपण फक्त दिसायच्या आत थांबलो, असं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मग २५ सायकलच्या जेलवर "निगेटिव्ह कोरं" असं जर्नलमध्ये लिहायचं की "दिसला नाही" असं? कोणी काय लिहून घेता?