मदत हवी आहे: 'फिटनेस'च्या रकान्यात नुसता बीएमआय भरायचा का?

शिट्टीवाले सर
आठवीला पीटी घेतो. आमच्याकडे प्रगतिपुस्तकात फिटनेसचा एकच रकाना आहे आणि त्यात बीएमआय भरायचा असं ठरलंय. परवा दोन मुलं पाठोपाठ काट्यावर आली. दोघंही तेरा वर्षांची, दोघांचीही उंची १५० सेंमी. पहिला कबड्डीच्या संघातला, ५१ किलो, म्हणजे बीएमआय २२.७. दुसरा ४१ किलो, १८.२. पहिल्यापुढे 'वजन जास्त' असा शेरा पडला, दुसऱ्यापुढे 'योग्य'. त्याच दिवशी ६०० मीटर पळवलं. 'जास्त'वाला न थांबता आला, 'योग्य'वाला दुसऱ्या फेरीलाच कमरेवर हात ठेवून चालायला लागला. आता पहिल्याच्या आईचा फोन आलाय, पोरगा डब्यातल्या पोळ्या तशाच परत आणतो म्हणून. रकान्यात काय लिहू?

वऱ्हाडी_पैलवान
सर, सोपं आहे. बीएमआय सोडा, कंबर मोजा. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी म्हणजे पोरगं फिट. आखाड्यात आम्ही हेच बघतो.

शिट्टीवाले सर
आजच मोजली. पहिल्याची ७१, दुसऱ्याची ६८. दोघंही ७५ च्या आत. मग दोघंही फिट?

सुनंदा_क
माझा बीएमआय २८ आहे, थायरॉईड पण आहे. रात्रीचा भात बंद केला तर उतरेल का? रोज अर्धा तास चालते.

मैदानातली ताई
सुनंदाताई, थायरॉईडचं डॉक्टरांनाच विचारा, इथे प्रश्न शाळेतल्या मुलांचा आहे.

सर, आधी सांगा, शेरा कुठल्या तक्त्यावरून मारलात? मोठ्यांच्या तक्त्यात १८.५ च्या खाली 'कमी वजन' येतं. पण तेरा वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातला मधला आकडाच साधारण १८.२ आहे. मोठ्यांची रेघ लावली तर अर्ध्याहून जास्त वर्ग 'कमी वजना'चा निघेल.

तक्ता बरोबर असला तरी वजन आणि उंचीवरून स्नायू कुठले नि चरबी कुठली हे कळत नाही. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं होतं. दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तुमच्या कबड्डीवाल्याचा वाढीव आकडा चरबीचा नसून स्नायूंचा असू शकतो. शिवाय या वयात उंची आणि वजन एकाच महिन्यात वाढत नाहीत. एखादं पोरगं आधी रुंद होतं, मग ताडकन उंच होतं.

पैलवान, कंबरेचा आकडा पोटावरच्या चरबीसाठी कामाचा आहे. दम किती आहे ते त्यातून कळत नाही. दम कळायला पळवावंच लागतं.

मी वीस मीटरची शटल घेते, म्हणजे वीस मीटरवरच्या दोन रेघांमध्ये बीपच्या तालावर ये-जा पळायचं. लागतं काय, दोन रेघा, मोबाईलवर बीप आणि एक मोठा स्पीकर. नेहमीच्या ऑडिओत सुरुवात ताशी साडेआठ किलोमीटरने होते, म्हणजे एका बाजूला साधारण साडेआठ सेकंद, आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. लागोपाठ दोनदा बीपच्या आत रेघ गाठता आली नाही की थांबायचं. सहाशे मीटरला पोरं पहिलीच फेरी जीव तोडून पळतात आणि मग बसतात. इथे वेग बीपच ठरवते.

वऱ्हाडी_पैलवान
कंबरेचं मान्य. पण बीपला अर्ध्या पोरी पहिल्याच मिनिटाला हसत बाजूला होतात, ते?

मैदानातली ताई
होतात, आणि मुलंही होतात. सगळ्यांसमोर बाद व्हायची लाज वाटते. म्हणून पहिली खेप नुसती सरावाची, आकडा लिहायचाच नाही. मग आठ-आठच्या गटात घ्यायची, आणि बाद झालेल्यांना बीप मोजायचं काम द्यायचं. ऑडिओ मात्र वर्षभर एकच ठेवा. काहींची सुरुवात ताशी आठनेच होते, मग जुलैचा आणि जानेवारीचा आकडा जुळत नाही. चिखलात घेतलेलाही जुळत नाही.

सोबत जागेवरून लांब उडी घ्या, पायातली ताकद कळते. खर्च फक्त टेपचा. आणि तुलना मुलाची त्याच्याच मागच्या आकड्याशी करा.

तिसऱ्या बाकावरचा
खेलो इंडियाच्या चाचणीतही बीएमआय आहेच ना? मग चूक कशी?

मैदानातली ताई
आहे, पण चौथीपासून पुढे त्यासोबत ५० मीटर, ६०० मीटर, बसून वाकणं, पोटाचे व्यायाम, पुश-अप्स हेही आहे. सरांकडे बाकी सगळं गळून एकच उरलंय.

शिट्टीवाले सर
काल शटल घेतली. कबड्डीवाला सहाव्या मिनिटापर्यंत टिकला, दुसरा तिसऱ्यात थांबला. पण कार्यालय म्हणतं, रकाना एकच आहे, छापून झालाय. मी 'शटल ६' लिहून खाली सही करून दिलंय, परत येतं का बघू. त्या आईला मात्र अजून फोन केलेला नाही. तिला शटलचं काय सांगू, की आधी पोळीबद्दल बोलू?

मैदानातली ताई
आधी पोळी. आणि पुढच्या वेळी वजन घेताना काटा दाराआड ठेवा, आकडा मोठ्याने वाचू नका.