विषयाच्या ओळीतच तारीख: उद्धटपणा की सोय?

कोथरूडकर_६२: आजकाल मेल उघडायच्या आधीच हुकूम दिसतो. 'शुक्रवारपर्यंत मंजुरी द्या', 'सोमवार दुपारपर्यंत उत्तर हवं'. वयानं आणि हुद्द्यानं मोठ्या माणसाला ही पोरं विषयातच तारीख बजावतात. विषयात विषय असावा. काय हवंय ते आत, नमस्कार घालून, नीट लिहावं. आमच्या वेळी असं लिहायची कोणाची छाती झाली नसती. तुम्हाला हे पटतं का?

लेखापाल_इचलकरंजी: मला हे वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहितोय. माझं जीएसटीचं काम आहे आणि अशिलं बहुतेक यंत्रमागवाली. पूर्वी आमच्या ऑफिसातून जाणाऱ्या मेलचा विषय असायचा 'ऑगस्ट महिन्याच्या विवरणपत्राबाबत'. यातून माणसानं काय समजायचं? विवरणपत्र भरलंय, भरायचंय, पैसे भरायचेत की बिलं पाठवायचीत? मालक कारखान्यात, कानात मागांचा खडखडाट, फोनवर ओळ दिसते. 'बाबत' वाचून तो संध्याकाळी बघू म्हणतो आणि मेल खाली जातो.

आता ओळ अशी असते: '८ सप्टेंबरपर्यंत पाठवा: ऑगस्टची विक्री बिलं'. ऑफिसचं नाव त्यात घालत नाही, कारण पाठवणाऱ्याचं नाव शेजारी दिसतंच. फोनवर ओळीचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो, म्हणून तारीख आणि काम आधी. 'उद्यापर्यंत' कधीच लिहीत नाही. मेल दुसऱ्या दिवशी उघडला की वाचणाऱ्याचा 'उद्या' वेगळा होतो.

आठच का? जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, दरमहा भरणाऱ्याला ११ तारखेपर्यंत भरावं लागतं. एखादं बिल त्यात राहिलं तर १४ ला जे जीएसटीआर-२बी तयार होतं, त्यात ते माझ्या अशिलाच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याचं त्या महिन्याचं क्रेडिट अडकतं, तो पेमेंट अडवतो, आणि फोन येतो मला. नमस्कार आम्ही आत घालतोच, साहेब.

निवृत्त_कक्षअधिकारी: दोघांचंही थोडं चुकतंय. सरकारी पत्रात 'विषय' आणि 'संदर्भ' या ओळी आमच्या हाडात आहेत. तिथला विषय नस्ती शोधण्यासाठी असतो. दोन वर्षांनी कोणी मागितली तर '...बाबत' वरूनच ती सापडते. काय करायचं आणि केव्हापर्यंत, हे शेवटच्या परिच्छेदात. पण तातडी पत्राच्या माथ्यावर लिहायची पद्धतही आमचीच. माथ्यावर विधिमंडळाचा 'तारांकित प्रश्न' दिसला की पत्र कोणी टेबलावर ठेवून घरी जात नसे. म्हणजे वरिष्ठांना वरच मुदत सांगणं ही काही आजच्या पोरांनी आणलेली गोष्ट नाही. त्यात अपमान कोणाला वाटत नव्हता, कारण मुदत सभागृहाची होती, कारकुनाची नव्हती.

मीरा_डोंबिवली: मला तर ही तारखेची पद्धत डोक्यात जाते. 'आज शेवटचा दिवस', 'फक्त रात्री १२ पर्यंत'. दुकानांच्या आणि कर्जाच्या मेलनी इनबॉक्स भरलाय. परवा त्यातच मुलीच्या फीचा मेल राहून गेला. बंद व्हायला हवं हे.

लेखापाल_इचलकरंजी: मीराताई, ती जाहिरात झाली. इथे ओळखीच्या माणसानं खऱ्या कामासाठी लिहिलेल्या मेलबद्दल चाललंय. पण तुमचा फीचा मेल का राहिला? त्याचा विषय काय होता?

मीरा_डोंबिवली: 'पालकांसाठी महत्त्वाची सूचना'. दर आठवड्याला तोच असतो. सहलीचाही तोच, सुट्टीचाही तोच.

निवृत्त_कक्षअधिकारी: मग बाई, तुम्ही लेखापालांच्याच बाजूच्या आहात.

सूतवाला: मी अशील आहे, यांचा नव्हे, दुसऱ्या एकाचा. मला खोट्या तारखांचा वीट आलाय. आमचे सल्लागार विषयात लिहितात 'आज शेवटची तारीख, ५'. मी हातातलं काम टाकून, मुनीमाला रात्री बसवून बिलं पाठवली. नंतर कळलं की शेवटची तारीख ११ आहे! तेव्हापासून त्यांची कुठलीही तारीख मी चार-पाच दिवस पुढे धरूनच वाचतो. कोथरूडकरांना उद्धटपणा खुपतो, मला लबाडी खुपते.

लेखापाल_इचलकरंजी: लबाडी हा शब्द मागे घ्या. ११ ला बिलं हातात आली तर ११ ला विवरणपत्र जात नाही. बिलांचे क्रमांक मध्येच तुटलेले असतात, गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकात एक अक्षर चुकलेलं असतं, परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट कोणी दिलेलीच नसते. ते विचारायला, तुमचं उत्तर यायला दिवस लागतात.

सूतवाला: मग तसं लिहा ना! तुमच्या सोयीची तारीख सरकारची म्हणून का खपवता? मी काय शाळेतला पोर आहे का?

लेखापाल_इचलकरंजी: मी खपवत नाही. तुमच्या सल्लागाराचा राग माझ्यावर काढू नका.

कोथरूडकर_६२: बघा, तारखेवरूनच भांडण लागलं. हेच म्हणत होतो मी.

फ्रांकफुर्टची_अनघा: भांडण तारखेचं नाही, ती कोणाची आहे ते न सांगण्याचं आहे. दोन्ही तारखा लिहिल्या तर सूतवाल्यांची तक्रारच उरत नाही. '८ पर्यंत बिलं पाठवा, ११ ला जीएसटीआर-१ भरायचं'. माझं पुण्याच्या टीमबरोबर काम चालतं. तिथे नुसतं 'शुक्रवार संध्याकाळ' लिहिलं की गोंधळ ठरलेला. माझ्या संध्याकाळी पुण्यात उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढची वेळ असते. म्हणून आम्ही 'शुक्र. १२, सायं. ५ भारतीय वेळ' असं लिहितो.

सूतवाला: दोन तारखा दिल्या तर मी पहिली पाळेन. एवढं मान्य. पण दुसरी लपवली तर नाही पाळणार, हेही लिहून ठेवतो.

लेखापाल_इचलकरंजी: ठीक. पुढच्या महिन्यापासून आमच्या ऑफिसच्या मेलमध्ये दोन्ही घालू. लबाडी हा शब्द मात्र मला अजूनही मान्य नाही.

निवृत्त_कक्षअधिकारी: आणि सरकारनंच मुदत वाढवली तर? तुमच्या जुन्या ओळीवर '८ सप्टेंबर' तसंच राहणार. खाली 'Re:' लावून चार जण उत्तरं देतील, आणि वाचणारा वरची तारीख खरी मानेल.

लेखापाल_इचलकरंजी: तेव्हा नवा मेल जातो: 'मुदत बदलली: ८ ऐवजी १२ पर्यंत बिलं पाठवा'. जुन्याच उत्तरात विषय बदलला तर जीमेल त्याची वेगळी साखळी करतं, मग आधीची बोलणी एकीकडे आणि हे दुसरीकडे. त्यामुळे नव्या मेलमध्ये आधीचा मुद्दा दोन ओळींत पुन्हा लिहावा लागतो. तरीही कोणीतरी जुन्या साखळीतच उत्तर देतं. त्याला उपाय मला मिळालेला नाही.

कोथरूडकर_६२: बिलांचं पटलं. तिथे तारीख सरकारची आहे, दंडही सरकारचा. जीएसटीआर-३बी विवरणपत्र २० तारखेच्या पुढे गेलं की दिवसाला ५० रुपये मीही भरलेत. पण माझा प्रश्न ऑफिसातला होता. वरिष्ठांची मंजुरी हवी असेल तर तारीख ठरवणारा कनिष्ठ कोण?

फ्रांकफुर्टची_अनघा: काका, तारीख त्यानं ठरवलेली नसते. टेंडर शुक्रवारी बंद होत असेल तर मंजुरी गुरुवारी हवीच. 'गुरु. ११ पर्यंत मंजुरीची विनंती: टेंडर १२ ला बंद' असं लिहिलं तर तुम्हाला चालेल?

कोथरूडकर_६२: 'विनंती' असेल आणि कारण शेजारी असेल, तर चालवून घेईन. कारण नसलेली तारीख आली तर मी आधी फोन करून कारणच विचारणार, मग ते कितीही अर्जंट असो.