मदत हवी आहे: जुनी रेजीम की नवीन? सोमवारपर्यंत एचआरला कळवायचंय

विजापूररोडवाला
मंडळी अर्जंट आहे. एचआरचा मेल आलाय की 2025-26 साठी टॅक्सची जुनी रेजीम का नवीन ते सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही नवीन धरून टीडीएस कापणार. माझं पॅकेज 15 आहे. काल रात्री लाईट नव्हती तरी मोबाईलवर एक्सेल करत बसलो, त्यात जुन्यात 62,400 आणि नव्यात 78,780 येतंय म्हणजे जुनंच घ्यायला पाहिजे ना? पण शेजारच्या टेबलावरचा पोरगा म्हणतो आता जुनं कोणीच घेत नाही. थिअरी नको, जुनं की नवीन एवढंच सांगा.

कडक_भाकरी
15 म्हणजे सीटीसी का ग्रॉस? बेसिक किती? एक्सेलमध्ये काय काय वजा केलं ते लिहा की. नुसतं पॅकेज सांगून काय कळणार बे.

होटगीरोड_अण्णा
जुनंच घ्या. मी 19 वर्षं जुन्यातच आहे, एलआयसी, पीपीएफ, पोरींची फी सगळं त्यात बसतं आणि त्या निमित्ताने चार पैसे बाजूला पडतात. नवीनमध्ये माणूस सगळं उडवून बसतो. आणि एक ध्यानात ठेवा, एकदा नवीनमध्ये गेलात की परत जुन्यात येता येत नाही.

हिशोबनीस
अण्णा, ते धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांना आहे, त्यांना परत फिरायला एकच संधी मिळते. नुसत्या पगारदाराला दरवर्षी बदलता येतं. एचआरला सांगितलेलं फक्त टीडीएस कापण्यापुरतं, शेवटी रिटर्न भरताना पण बदलता येतं. अट एकच, जुनं पाहिजे असेल तर रिटर्न मुदतीत भरायचं, उशीर झाला की नवीनच लागतं. त्यामुळे सोमवारी काही आभाळ कोसळत नाही.

विजापूररोडवाले, भाडं किती भरता? आणि घराचं कर्ज आहे का, असेल तर ताबा मिळालाय का?

विजापूररोडवाला
सीटीसी 15. त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्स आहे, ते सोडून स्लिपवर महिन्याला 1,15,000 ग्रॉस येतात. बेसिक 50,000, एचआरए 20,000, स्पेशल अलाउन्स 45,000.

वजावटी अशा धरल्यात: एचआरए 2,40,000, 80सी मध्ये दीड लाख (माझा पीएफ 72,000, बाकी एलआयसी आणि दोन्ही पोरांची शाळेची फी), मेडिक्लेम माझा आणि आईवडिलांचा मिळून 40,000, होमलोनचं व्याज 1,60,000. शिवाय स्टँडर्ड डिडक्शन 50,000 आणि प्रोफेशनल टॅक्स 2,500. एकूण 6,42,500. भाड्याचा काय संबंध, एचआरए स्लिपवर लिहिलेलाच आहे की.

हिशोबनीस
तिथंच गाडी घसरली. स्लिपवर लिहिलेला एचआरए सगळा माफ नसतो. तीन आकडे काढायचे आणि सगळ्यात छोटा घ्यायचा: मिळालेला एचआरए, बेसिकचे 40 टक्के, आणि तिसरा म्हणजे भरलेलं भाडं वजा बेसिकचे 10 टक्के. पहिले दोन्ही तुमचे 2,40,000 येतात. सोलापुरात माणूस तिसऱ्यातच अडकतो कारण पगार पुण्याचा आणि भाडं इथलं. म्हणून भाडं विचारलं.

विजापूररोडवाला
11,000. दोन बीएचके आहे, पाणी चार-पाच दिवसाआड येतं ते वेगळंच.

हिशोबनीस
वर्षाचं भाडं 1,32,000. बेसिकचे 10 टक्के 60,000. राहिले 72,000. एवढीच सूट. तुम्ही 2,40,000 धरलेत, म्हणजे 1,68,000 हवेतले. आणि भाडं वर्षाला लाखाच्या वर आहे तर कंपनी घरमालकाचा पॅन मागणार, तो देतात का बघा आधी.

विजापूररोडवाला
पॅन? ते रोख घेतात आणि पावती मागितली तरी तोंड वाकडं करतात 😐

सातरस्ता_सुनील
भाडं आईच्या नावाने दाखवा ना सरळ, आमच्याकडे सगळे तेच करतात, 25 हजाराच्या पावत्या द्यायच्या.

कडक_भाकरी
हे राहतात भाड्याने, दुसऱ्याच्या घरात. आईच्या घरात राहून खरंच आईला बँकेतून भाडं दिलं आणि आईने ते रिटर्नमध्ये दाखवलं तर गोष्ट वेगळी. नुसत्या पावत्या फाडल्या तर नोटीस यांना येणार, तुला नाही.

निवृत्त_गुरुजी
माझ्या मते ज्येष्ठांनी जुन्या रेजीममध्ये एफडीचे व्याज 50,000 पर्यंत वजा मिळते हे विसरू नये, आणि बँकेत फॉर्म 15एच वेळेत द्यावा. आमच्या बँकेतली मुलगी दर वेळी तो हरवते. जुनी पद्धतच बरी होती, सगळे कागदावर असायचे.

विजापूररोडवाला
गुरुजी मी 38 चा आहे 🙏

हिशोबनीस, होमलोनचं राहिलं. जुळे सोलापूरला फ्लॅट बुक केलाय, ताबा नाही मिळाला, बिल्डर दिवाळी म्हणतोय. पण हप्ता चालू आहे आणि बँकेने व्याजाचं सर्टिफिकेट पण दिलंय, मग वजा का नाही होणार?

होटगीरोड_अण्णा
होतं होतं. मी 2011 ला घेतलेलं तेव्हा पहिल्या वर्षापासून व्याज वजा केलं. बँकेचं सर्टिफिकेट असलं की झालं.

हिशोबनीस
अण्णा तुमचं रेडी घर असणार. बांधकाम चालू असलेल्या घराचं व्याज ज्या वर्षी घर पुरं होईल त्या वर्षापासून वजा होतं. आधीच्या वर्षांतलं व्याज बुडत नाही, ते पाच समान भाग करून त्या वर्षापासून पाच वर्षांत घेता येतं, पण स्वतः राहायच्या घराला सगळं मिळून वर्षाला 2 लाखाच्या वर नाही. बँक सर्टिफिकेट देणारच, तिला ताब्याशी काय देणंघेणं.

म्हणजे ताबा 31 मार्च 2026 च्या आत मिळाला नाही तर यंदा व्याज शून्य. मग जुन्यात वजावटी 6,42,500 नाही, 3,14,500 होतात. 13,80,000 मधून त्या काढल्या की 10,65,500 वर टॅक्स, सेस धरून साधारण 1,37,440. तुम्ही 62,400 समजून बसलाय.

नवीनचा आकडा मात्र तुम्ही बरोबर काढलाय. 13,80,000 वजा 75,000 म्हणजे 13,05,000, त्यावर 75,750 आणि 4 टक्के सेस, 78,780.

अण्णांचा_भाचा
आणि ताबा मिळाला दिवाळीला तर? तेव्हा मामाचं बरोबर निघेल की.

हिशोबनीस
तेही करून बघितलं. पूर्ण 2 लाख व्याज धरलं, आणि यांनी भाड्याचं घर मार्चपर्यंत सोडलं नाही असं धरून 72,000 पण ठेवले, तरी जुन्यात 89,024 येतात. तरीही नवीन 10 हजारांनी स्वस्त. प्रत्यक्षात फ्लॅटमध्ये राहायला गेले की भाडं बंद होणार, मग अजून वाढेल.

होटगीरोड_अण्णा
आकडे असतील बरोबर. पण बचत कोण करणार?

सातरस्ता_सुनील
मग नवीन घे आणि वरून एनपीएसमध्ये 50 हजार टाक लका, ते 80सी च्या बाहेर असतं, टॅक्स अजून कमी होईल.

हिशोबनीस
सुनील, अर्धं बरोबर. आपल्या खिशातून टाकलेले ते 50 हजार फक्त जुन्यात चालतात. नवीनमध्ये चालतो तो कंपनीने भरलेला एनपीएस, बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंत. तो यांच्या हातात नाही, कंपनीच्या आहे, पण यांचं खरं काम तिथंच आहे.

बेसिक वर्षाचं 6 लाख, 14 टक्के म्हणजे 84,000, महिन्याला 7,000. कंपनीला सांगायचं की स्पेशल अलाउन्समधले 7,000 कमी करा आणि ते तुमच्याकडून एनपीएसला भरा. सीटीसी तेवढंच राहतं. 13,05,000 चे 12,21,000 होतात.

आता गंमत बघा. 12 लाखापर्यंत टॅक्स शून्य आणि 12 च्या वर थोडंच गेलं तर वर गेलेल्या रकमेपेक्षा जास्त टॅक्स घेत नाहीत. तुम्ही 21,000 ने वर आहात. स्लॅबने 63,150 येतो पण भरायचा 21,000, सेस धरून 21,840. 78,780 वरून 21,840.

विजापूररोडवाला
थांबा, पण माझे हातातले महिन्याचे 7,000 गेले ना? घरचा हप्ता, भाडं दोन्ही चालू आहे.

हिशोबनीस
7,000 जातात, पण टीडीएस महिन्याला 4,745 ने कमी होतो. म्हणजे हातात साधारण 2,255 कमी आणि एनपीएसच्या खात्यात 7,000 जमा. मात्र ते पैसे वाटेल तेव्हा काढता येत नाहीत, आणि शेवटी काही भागाची पेन्शनच घ्यावी लागते. ताबा आला की बिल्डर रजिस्ट्रेशन, पार्किंग, सोसायटी म्हणून हात पसरणार, तेव्हा ते 7,000 आठवतील. ते तुमचं तुम्ही बघा.

कडक_भाकरी
मला हे पटत नाही सरसकट. 38 व्या वर्षी पैसे अडकवायचे, ते पण दोन पोरं आणि कर्ज असताना? 57 हजार टॅक्स वाचवायला 84 हजार अडकवायचे. त्यापेक्षा 78,780 भरून कर्ज लवकर फेडलेलं बरं.

हिशोबनीस
84 हजार घालवत नाहीत ना ते, त्यांच्याच नावावर राहतात. पण रोकड कमी पडत असेल तर 14 टक्केच टाका असं नाही, कमी टाका. फक्त 12 लाखाच्या जवळ असताना प्रत्येक रुपयाचा फायदा जास्त मिळतो, तेवढं ध्यानात घ्या. आणि हे एप्रिलमध्येच सांगायला पाहिजे. रेजीम रिटर्नच्या वेळी बदलता येते, एनपीएसचं असं मागे जाऊन करता येत नाही, कारण अलाउन्स एकदा हातात आला की तो पगारच.

विजापूररोडवाला
एचआरला फोन केला. मॅडम म्हणाल्या "कॉर्पोरेट एनपीएस आपल्याकडे नाहीये बहुतेक, पुण्याच्या ऑफिसला विचारते." दोनदा विचारलं तर म्हणाल्या आजवर कोणी मागितलंच नाही. सोमवारी नवीन कळवतो. एनपीएसचं होतंय का बघतो, झालं तर 14 टाकायचे का 8 ते बायकोशी बोलून ठरवेन.

घरमालकांना मात्र पॅन मागायचं आता कारण उरलं नाही, तेवढं तरी बरं झालं.

निवृत्त_गुरुजी
जुळे सोलापूरला कोणती स्कीम आहे? आमच्या पुतण्यानेही तिथे बुक केलंय, त्यालाही दिवाळीच सांगितली आहे. गेल्या वर्षीही दिवाळीच सांगितली होती.

पार्कचौक_पल्लवी
धागा वर काढते. माझं पॅकेज 9 लाख आहे, मी कुठलं घेऊ? थिअरी नको.

कडक_भाकरी
9 मध्ये नवीनला टॅक्सच नाही ताई. पण 9 म्हणजे नुसता पगार ना? शेअर-बिअर विकलेत का यंदा?