ज्योत दुप्पट वेळ धरली तर?

«पायरीच्या ग्रॅनाइटवर ज्योत दुप्पट वेळ धरली, तर पृष्ठभाग दुप्पट तापेल ना?»

नाही, साधारण १.४ पटच. उष्णता आत झिरपत जाते आणि तापवायचा थर जाड होत जातो, म्हणून वाढ वेळेच्या वर्गमुळाने होते:

ΔT = 2q√(t/(πkρc))

इथे ΔT म्हणजे पृष्ठभागाची तापमानवाढ, q ज्योतीचा स्थिर उष्णताप्रवाह, t वेळ, आणि k, ρ, c म्हणजे दगडाची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा.

आपल्याकडे गोव्यात पावसात पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून ग्रॅनाइट ज्योतीने खरबरीत करून घेतात, तेच उदाहरण घेऊ. ग्रॅनाइटचा √(kρc) सुमारे २४०० (एसआय एककांत) आणि ज्योतीचा प्रवाह चौरस मीटरला ५०० किलोवॅट धरला, तर १ सेकंदात सुमारे २३५ अंश वाढ होते आणि ४ सेकंदांत ४७०. त्या ४ सेकंदांत उष्णता जेमतेम ४-५ मिलिमीटर आत पोचते. पातळ तापलेला थर फुगू पाहतो, खालचा थंड दगड त्याला धरून ठेवतो, आणि कपच्या उडतात. ज्योत मंद ठेवून वेळ वाढवली तर हा थर जाड होतो आणि कपच्यांऐवजी लादीच तडकण्याची भीती वाढते.

२० मिलिमीटरच्या लादीला हे सूत्र साधारण मिनिटभरच लागू पडते. पुढे उष्णता मागच्या बाजूला पोचते. मोजमाप असेल तर तापमानवाढ √t समोर मांडून पाहा. रेघ खाली वाकली तर प्रवाह स्थिर नाही, कारण दगड तापला की ज्योतीकडून कमी उष्णता घेतो. मागे हवाच असेल आणि रेघ वर वाकली, तर लादीची जाडी संपली.